फोटोतल्या घड्याळावरून काट्यांमधला कोन काढणे: कोनमापक बाजूला ठेवा, आधी वेळ वाचा

भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो समोर आहे आणि तासकाटा व मिनिटकाटा यांच्यातला कोन काढायचा आहे. हात आपोआप कोनमापकाकडे जातो. छापील फोटोवर किंवा पडद्यावर कोनमापक ठेवायचा, दोन काट्यांमधले अंश मोजायचे, उत्तर लिहायचे. घड्याळाच्या अगदी समोर उभे राहून फोटो घेतला असेल तर हे उत्तर बरोबरही येते. पण घड्याळ उंचावर असते, फोटो खालून घेतलेला असतो आणि गोल तबकडी त्यात थोडी चपटी झालेली असते. तबकडी चपटी झाली की तिच्यावरचे कोनही बदलतात. खाली सोडवलेल्या ७:५२ च्या उदाहरणात फोटोवर थेट मोजलेला कोन ६४ अंश येतो आणि खरा कोन ७६ अंश आहे. बारा अंशांची ही चूक हात थरथरल्याने होत नाही. कितीही काळजीपूर्वक मोजले तरी ती तशीच राहते.

चुकीचे कारण जिथे आहे, तिथेच तिचा उपायही आहे. तबकडी चपटी होते तेव्हा तिच्यावरच्या साठ खुणाही तितक्याच सरकतात. मिनिटकाटा बावन्नाव्या खुणेवर असेल, तर फोटो कितीही तिरका असला तरी काट्याचे टोक आणि ती खूण एकाच रेषेत दिसतात. म्हणजे तबकडी हाच एक कोनमापक आहे आणि तो काट्यांबरोबरच वाकलेला आहे. आपला कोनमापक मात्र वाकलेला नसतो, म्हणून तो फसवतो. त्यामुळे फोटोवरून कोन मोजू नये. फोटोवरून वेळ वाचावी आणि कोन वेळेवरून काढावा. प्रत्यक्ष मोजमापाचे काम पडताळणीचे आहे, आणि काही वेळा त्याला पर्याय नसतो. त्याकडे नंतर येऊ.

फोटो स्वतः घेणार असाल तर

घड्याळाच्या उंचीवर जाता येत नसेल तर निदान मागे सरका. दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम वापरून घेतलेला फोटो, घड्याळाखाली उभे राहून घेतलेल्या फोटोपेक्षा बराच चांगला असतो. तसे केल्याने तिरकेपणा कमी होतो आणि तबकडीचा जवळचा भाग मोठा, लांबचा भाग लहान दिसण्याचा प्रकारही कमी होतो. घड्याळ चौकटीच्या मधोमध ठेवा. मोबाईलच्या रुंद भिंगात कडेच्या वस्तू ताणल्या किंवा वाकल्यासारख्या होतात. हा दोष फोटोच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाढतो, त्यामुळे घड्याळाचा मध्य फोटोच्या मध्यावर असेल तर काट्यांच्या दिशा त्याने बिघडत नाहीत. फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमुळे काचेवर चमक येते आणि काट्याची सावली तबकडीवर पडते. बारीक फोटोत ती सावली काट्याचेच टोक वाटू शकते.

फोटोत तबकडी किती मोठी आली आहे, हेही पाहा. तासकाटा २०० पिक्सेल लांब दिसत असेल आणि त्याचे टोक टिपताना बाजूला २ पिक्सेलची चूक झाली, तर दिशेत साधारण अर्ध्या अंशाची चूक होते. तोच काटा ५० पिक्सेलचा असेल तर तेवढीच चूक सव्वादोन अंशांच्या वर जाते. तासकाटा मिनिटाला अर्धाच अंश सरकतो, म्हणजे ही चूक साडेचार मिनिटांइतकी झाली.

वेळ वाचण्याचा क्रम

आधी मिनिटकाटा वाचा. तो लांब असतो, त्याचे टोक खुणांच्या कड्याजवळ पोचते आणि त्याच्यावरून मिनिटे निःसंशय कळतात. टोक कड्यापासून दूर असेल तर त्याच्या लांबीला पट्टी लावून रेष कड्यापर्यंत वाढवा. तिरक्या फोटोतही सरळ रेष सरळच राहते, त्यामुळे ही युक्ती सुरक्षित आहे.

मग तासकाटा. इथे फक्त एवढेच बघायचे की तो कोणत्या दोन अंकांच्या मध्ये आहे. त्यातला आधीचा अंक म्हणजे तास. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ७:५२ ला तासकाटा आठच्या इतका जवळ असतो की घाईत वाचणारा ८:५२ म्हणतो. तासकाटा सात आणि आठ यांच्यामधले ८७ टक्के अंतर कापून गेलेला असतो, पण आठला पोचलेला नसतो. मिनिटकाटा चाळीसच्या पुढे असेल तर तासकाटा ज्या अंकाजवळ दिसतो तो अंक अजून वाजायचा आहे, हे धरूनच चला. उलट मिनिटकाटा बाराच्या पुढे नुकताच गेला असेल, तर तासकाटा ज्या अंकाजवळ आहे तो अंक वाजून गेला आहे.

शेवटी सेकंदकाटा. तो फोटोत असेल तर जरूर वाचा, कारण काट्यांमधला कोन मिनिटाला साडेपाच अंशांनी बदलतो. अर्ध्या मिनिटात २.७५ अंश. ७:५२:३० ला ‘७:५२’ लिहिले की उत्तरात तेवढा फरक पडलाच. म्हणून मिनिटे पूर्णांकात अडकवू नका. ५२ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ५२.५ मिनिटे. मात्र काही घड्याळांत मिनिटकाटा सतत सरकत नाही, मिनिट संपताच एकदम पुढच्या खुणेवर उडी घेतो. स्विस रेल्वे स्थानकांवरची घड्याळे अशीच चालतात. अशा घड्याळाच्या फोटोत सेकंद कितीही असोत, मिनिटकाटा खुणेवरच असतो. तिथे काट्यांची प्रत्यक्ष जागा हवी असेल तर सेकंद मिळवू नका.

वेळेवरून कोन

मिनिटकाटा ६० मिनिटांत ३६० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. तासकाटा १२ तासांत तेवढाच फिरतो, म्हणजे तासाला ३० अंश आणि मिनिटाला अर्धा अंश. दोन्ही दिशा बाराच्या खुणेपासून, काटे फिरतात त्या दिशेने मोजायच्या:

मिनिटकाट्याची दिशा = ६ × मिनिटे

तासकाट्याची दिशा = ३० × तास + ०.५ × मिनिटे

वजाबाकी केली की कोन = ३० × तास − ५.५ × मिनिटे. उणे चिन्ह आले तर सोडून द्यायचे. उत्तर १८० पेक्षा मोठे आले तर ते ३६० मधून वजा करायचे, कारण दोन काट्यांमधला कोन म्हटले की लहान कोनच अभिप्रेत असतो. बारा वाजताच्या वेळांना तास शून्य धरायचा.

एक वेळ करून बघू. १:५० ला ३० × १ = ३० आणि ५.५ × ५० = २७५. फरक २४५. तो १८० पेक्षा मोठा आहे, म्हणून ३६० − २४५ = ११५ अंश.

दुसऱ्या सूत्रातला ‘०.५ × मिनिटे’ हा भाग विसरणे ही या गणितातली नेहमीची चूक आहे. तासकाटा अंकावर रोवलेला आहे असे मानले की ७:५२ ला तो २१० अंशांवर धरला जातो. प्रत्यक्षात तो २३६ वर असतो. २६ अंशांचा हा फरक फोटोत डोळ्यांनीही दिसतो. गणिताचे उत्तर आणि फोटोतले चित्र इतके वेगळे दिसत असेल तर आधी हेच तपासा.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा फोटो खालून घेतलेला आहे. तबकडीवरचे खुणांचे कडे फोटोत ८०० पिक्सेल रुंद आणि ६४० पिक्सेल उंच आहे. मिनिटकाट्याचे टोक दहाच्या पुढच्या दुसऱ्या खुणेवर आहे, म्हणजे ५२ मिनिटे. सेकंदकाटा बारावर आहे. तासकाटा सात आणि आठच्या मध्ये, आठच्या जवळ. वेळ ७:५२.

सूत्र: ३० × ७ = २१०, ५.५ × ५२ = २८६, फरक ७६. काट्यांमधला कोन ७६ अंश. फोटोचा तिरकेपणा या हिशेबात कुठेच आला नाही.

आता पडताळणी. तासकाटा फक्त तास दाखवत नाही, तो मिनिटेही दाखवतो. दोन अंकांमधल्या ३० अंशांपैकी तो जितके अंश पुढे गेला असेल त्याची दुप्पट म्हणजे मिनिटे. ७:५२ ला तो सातच्या पुढे २६ अंश हवा आणि २६ × २ = ५२. तासकाट्याची रेष पट्टीने कड्यापर्यंत वाढवा आणि सात ते आठमधल्या पाच घरांपैकी किती घरे तिने ओलांडली ते बघा. एक घर म्हणजे ६ अंश, म्हणजेच तासकाट्याच्या भाषेत १२ मिनिटे. इथे रेष चार घरे ओलांडून पाचव्या घराच्या पहिल्या तृतीयांशावर यायला हवी: चार घरांची ४८ मिनिटे आणि वरची ४. ती तिथे आली तर वेळ बरोबर वाचली आहे. दीड-दोन घरांचा फरक दिसला, तर वाचण्यात चूक आहे किंवा घड्याळाचा तासकाटाच जागेवर नाही.

दोन्ही काटे जवळपास सारख्याच लांबीचे दिसत असतील, किंवा एखाद्याचे टोक चमकेत हरवले असेल, तर कोणता काटा कोणता हे याच कसोटीने ठरते. इथे काट्यांची अदलाबदल करून पाहू. तासकाटा ३१२ अंशांवर मानला तर तो दहाच्या पुढे १२ अंश आहे, म्हणजे वेळ १०:२४ हवी. पण मिनिटकाटा मग २३६ अंशांवर, म्हणजे ३९ मिनिटांच्या पुढे येतो. चोवीस आणि एकोणचाळीस जुळत नाहीत, म्हणजे अदलाबदल चूक. बारा तासांत १३२ क्षण असे येतात जेव्हा अदलाबदल केली तरी दोन्ही वेळा तंतोतंत खऱ्या ठरतात. त्या क्षणी काट्याची लांबी किंवा जाडी हाच आधार उरतो. कोनाचे उत्तर मात्र तेव्हाही बदलत नाही, कारण काटे त्याच जागी आहेत.

तबकडीवर खुणाच नसतील तर

मोजमाप खरोखर लागते ते इथे. काही घड्याळांवर मिनिटांच्या खुणा नसतात, फक्त चार ठिपके असतात. काही फोटोंत खुणा इतक्या पुसट असतात की काट्याचे टोक कुठे आहे ते सांगता येत नाही. मग काट्यांची दिशा पिक्सेलवरून काढावी लागते आणि त्याआधी तबकडीचा चपटेपणा दुरुस्त करावा लागतो.

चपटेपणाने किती नुकसान होते याचा अंदाज आधी घ्या, म्हणजे दुरुस्ती करायची की नाही ते ठरवता येईल. कड्याची कमी मापाची बाजू भागिले जास्त मापाची बाजू असे गुणोत्तर काढा. ते ०.९८ असेल तर एका काट्याची दिशा फार तर ०.६ अंशांनी चुकते आणि दोन काट्यांमधला कोन वाईटात वाईट १.२ अंशांनी. ०.९५ ला हीच मर्यादा सुमारे तीन अंशांवर जाते, ०.९ ला सहा अंशांवर आणि आपल्या फोटोतल्या ०.८ ला जवळपास तेरा अंशांवर. ०.९८ च्या वर असाल तर सरळ मोजा. खाली असाल तर दुरुस्ती करा.

कोणत्याही चित्र-संपादकात फोटो उघडला की कर्सर जिथे ठेवाल तिथले पिक्सेल-निर्देशांक दिसतात. गिंपमध्ये ते खिडकीच्या तळाशी दिसतात. तीन बिंदू टिपा: काटे ज्या खिळ्याभोवती फिरतात त्याचा मध्य, तासकाट्याचे टोक आणि मिनिटकाट्याचे टोक. आपल्या फोटोत ते असे आहेत: मध्य (१०००, ९००), तासकाटा (८२६, ९९४), मिनिटकाटा (७५५, ७२३). पडद्यावर दुसरा आकडा वरून खाली वाढतो हे लक्षात ठेवा. हा आकडा कमी म्हणजे बिंदू वर.

मिनिटकाटा मध्यापासून २४५ पिक्सेल डावीकडे आणि १७७ पिक्सेल वर आहे. दुरुस्ती न करता त्याची दिशा काढली तर ती ३०५.८ अंश येते. तासकाटा १७४ डावीकडे आणि ९४ खाली, दिशा २४१.६ अंश. फरक ६४.२. सुरुवातीला सांगितलेला चुकीचा कोन तो हाच.

आता दुरुस्ती. तबकडी उभ्या दिशेत ८०० ची ६४० झाली आहे, म्हणून उभी अंतरे ८०० ÷ ६४० = १.२५ ने गुणायची. आडवी तशीच ठेवायची. मिनिटकाटा: २४५ डावीकडे, २२१ वर, दिशा ३१२.१ अंश. तासकाटा: १७४ डावीकडे, ११७.५ खाली, दिशा २३६.० अंश. फरक ७६.१. सूत्राने आलेल्या ७६ शी तो पिक्सेल टिपण्याच्या चुकीइतक्या फरकाने जुळला. एका गुणाकाराने बारा अंशांची चूक गेली.

हा साधा गुणाकार दोन अटींवर चालतो. पहिली, कडे सरळ उभ्या किंवा सरळ आडव्या दिशेतच दबलेले असले पाहिजे. कोपऱ्यातून घेतलेल्या फोटोत ते तिरके दबते. दुसरी, फोटो पुरेसा लांबून घेतलेला हवा. ही अट तपासणे सोपे आहे: खिळ्यापासून बाराच्या खुणेपर्यंतचे आणि सहाच्या खुणेपर्यंतचे अंतर पिक्सेलमध्ये मोजा. दोन्ही सारखी असतील तर गुणाकार पुरेसा. सहाकडचे अंतर ठळकपणे मोठे असेल, तर कॅमेरा जवळ होता आणि तबकडीचा खालचा भाग फोटोत मोठा झाला आहे. अशा फोटोत दबलेल्या कड्याचा मध्य आणि घड्याळाचा मध्य एकाच जागी येत नाहीत. कड्याचा मध्य शोधून त्यालाच खिळा मानणाऱ्याची दोन्ही दिशांत चूक होते. खिळा झाकला गेला असेल तर बारा ते सहा आणि तीन ते नऊ अशा दोन सरळ रेषा काढा. त्या जिथे छेदतात तोच तबकडीचा मध्य, फोटो कितीही तिरका असला तरी.

दोन्हीपैकी एकही अट मोडत असेल तर चार बिंदूंची दुरुस्ती वापरा. बारा, तीन, सहा आणि नऊ या खुणांचे निर्देशांक द्यायचे आणि त्या सरळ तबकडीवर जिथे असायला हव्यात ते निर्देशांक द्यायचे. बाकीचे गणित संगणक करतो. पायथॉनमध्ये ओपनसीव्ही वापरून एवढेच लागते:

```python
import cv2, math
import numpy as np

# 12, 3, 6, 9
src = np.float32([[1000,580],[1400,900],[1000,1220],[600,900]])
dst = np.float32([[500,100],[900,500],[500,900],[100,500]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)

pts = np.float32([[[1000,900],[826,994],[755,723]]])
c, h, m = cv2.perspectiveTransform(pts, M)[0]

def angle(p):
    return math.degrees(math.atan2(p[0]-c[0], c[1]-p[1])) % 360

d = abs(angle(h) - angle(m))
print(angle(h), angle(m), min(d, 360-d))
```

`src` मध्ये खुणांचा क्रम बारा, तीन, सहा, नऊ असाच ठेवा. क्रम चुकला तरी कोड तक्रार करत नाही, फक्त उत्तर भलतेच देतो. `atan2` मध्ये आडवे अंतर आधी आणि उभे नंतर दिले आहे, कारण आपल्याला दिशा बारापासून, काटे फिरतात त्या बाजूने हवी आहे. गणिताच्या पुस्तकातली नेहमीची मांडणी उजवीकडून आणि उलट बाजूने मोजते. ती वापरली तर काट्यांमधला कोन तोच येईल, पण प्रत्येक काट्याची दिशा वेळेशी जुळणार नाही आणि तासकाट्याची कसोटी वापरता येणार नाही.

एक सापळा इथे सांगायला हवा. तबकडी मुळातच लंबगोल असेल, तर फोटोत ती लंबगोल दिसणारच. तो कॅमेऱ्याचा दोष नाही. अशा घड्याळाला ‘दुरुस्त’ करून गोल केले की बरोबर असलेले कोन बिघडतात. फोटोत घड्याळाची जाड कड फक्त खालच्या किंवा एकाच बाजूने दिसत असेल तर फोटो तिरका आहे. चारही बाजूंनी सारखी दिसत असेल तर घड्याळच लंबगोल आहे.

काटे तबकडीला चिकटलेले नसतात

खुणांवरून वेळ वाचणे तिरक्या फोटोतही चालते असे वर म्हटले. त्याला एक अपवाद आहे. काटे तबकडीपासून काही मिलिमीटर वर फिरतात. खालून पाहिले की काटा त्याच्या खऱ्या जागेपेक्षा वर सरकल्यासारखा दिसतो, कारण आपली नजर काट्याला स्पर्शून तबकडीवर थोडी वरच्या जागी पोचते. शास्त्राच्या पुस्तकांत याला पराशय म्हणतात.

किती फरक पडतो ते पाहू. मिनिटकाटा १० सेंटिमीटर लांब आणि तबकडीपासून ६ मिलिमीटर वर असेल, तर आपल्या फोटोइतक्या, म्हणजे सुमारे ३७ अंशांच्या तिरकेपणात तो ४.५ मिलिमीटर वर सरकलेला दिसेल. १० सेंटिमीटर त्रिज्येवर एका मिनिटाचे घर साधारण साडेदहा मिलिमीटरचे असते. म्हणजे वाचनात जास्तीत जास्त ०.४ मिनिटाची आणि कोनात सव्वादोन अंशांच्या आसपास चूक. काटा बारा किंवा सहाकडे असेल तर तो आपल्याच लांबीच्या दिशेने सरकतो आणि वाचन बिघडत नाही. तो नऊकडे असेल तर वेळ पुढे गेल्यासारखी वाटते, तीनकडे असेल तर मागे राहिल्यासारखी. सेकंदकाटा बारावर असताना मिनिटकाटा घराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पुढे दिसला, तर आधी पराशयाचा संशय घ्या.

उपाय सोपा आहे. संपूर्ण काटा, खिळ्यासकट, सारखाच सरकलेला असतो, त्यामुळे त्याची दिशा बदललेली नसते. काट्याच्या लांबीला पट्टी लावा, पट्टी दिशा न बदलता सरकवत तबकडीच्या खऱ्या मध्यावर आणा, म्हणजे बारा-सहा आणि तीन-नऊ या रेषांच्या छेदावर, आणि मग ती कड्याला कुठे छेदते ते वाचा. पिक्सेलच्या पद्धतीत यासाठीच मध्य म्हणून काट्यांच्या खिळ्याचा बिंदू घ्यायचा असतो. टोक काट्याचे आणि मध्य तबकडीचा अशी सरमिसळ केली की पराशय पुन्हा आत शिरतो.

उलटा आणि आडवा फोटो

मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेला किंवा आरशातला फोटो डावे-उजवे उलटलेला असू शकतो. त्यात ७:५२ ऐवजी ४:०८ दिसते. गंमत अशी की ४:०८ चा कोनही ३० × ४ − ५.५ × ८ = ७६ अंशच येतो, आणि तासकाट्याची कसोटीही बिनचूक जुळते. त्यामुळे कोन हवा असेल तर उलटा फोटो काही बिघडवत नाही. वेळही लिहायची असेल तर तबकडीवरचे अंक किंवा अक्षरे उलटी नाहीत ना, हे पाहायलाच हवे. गणिताने ते कळणार नाही.

आडवा झालेला फोटो गणिताने सरळ करता येतो, आणि ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. तबकडीवर बारा सारख्याच खुणा आहेत, अंक नाहीत आणि फोटो कोणत्या बाजूने धरायचा हे माहीत नाही असे समजा. तासकाटा त्याच्या मागच्या खुणेपासून किती अंश पुढे आहे ते मोजा. २६ अंश असेल तर मिनिटे ५२ आहेत, हे फोटो कसाही फिरवला तरी बदलत नाही. म्हणजे मिनिटकाटा जिथे आहे ती जागा ५२ मिनिटांची. तिथून काट्यांच्या दिशेने आठ मिनिटे, म्हणजे ४८ अंश पुढे गेले की बाराची खूण सापडते. ती हिशेबाने जिथे येते तिथेच एखादी खूण असली पाहिजे. खूण दोन-तीन अंश इकडे-तिकडे असेल तर ती मोजण्यातली चूक. दोन खुणांच्या बरोबर मध्ये येत असेल तर काट्यांची अदलाबदल झाली आहे, तासकाटा मोजण्यात चूक झाली आहे किंवा तो सरकलेला आहे.

तासकाटा सरकलेला असेल तर

साध्या भिंतीवरच्या घड्याळांत तासकाटा खिळ्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. सेल बदलताना किंवा वेळ लावताना बोट लागले की तो काही अंश सरकतो आणि पुढे कायम तसाच चालतो. ७:५२ ला त्याची दिशा २३६ ऐवजी २३१ आली, तर तो ४२ मिनिटे दाखवतो आहे आणि मिनिटकाटा ५२. त्याच घड्याळाचा तासाभराने दुसरा फोटो घ्या. फरक पुन्हा तेवढाच आणि त्याच बाजूला आला, तर काटाच सरकलेला आहे. वेगळा आला, तर मोजणीत चूक आहे.

अशा घड्याळाच्या फोटोला दोन बरोबर उत्तरे असतात. ७:५२ ला काट्यांमधला कोन किती, असे विचारले असेल तर उत्तर ७६ अंश. या फोटोतल्या काट्यांमधला कोन किती, असे विचारले असेल तर ३१२ − २३१, म्हणजे ८१ अंश. कोणते उत्तर लिहिले आहे ते शेजारी नोंदवा, आणि दुसरे लिहिले असेल तर ते दुरुस्त केलेल्या निर्देशांकांवरूनच काढलेले असू द्या.